साठातले सहा आंबे आणि वीस टक्के नफा

हातखंब्याजवळ महामार्गालगत आंबे विकणाऱ्या आमच्या शेजारच्या काकूंनी बागायतदाराकडून हापूसची पाच डझनी पेटी २४०० रुपयांना घेतली. टेम्पोचे भाडे १०० रुपये पडले. हे भाडे खरेदीतच धरायचे, म्हणजे पेटी त्यांना २५०० रुपयांना पडली. डझनाला ६०० रुपये भाव लावला तर विक्री ३००० रुपयांची होते. नफा ५०० रुपये. शेकडा नफा नेहमी खरेदीवर काढतात, म्हणून ५०० ला २५०० ने भागून १०० ने गुणायचे: २० टक्के.

पण आंबा आढीत घातला की सगळा धडपणे पिकत नाही. काही कुजतो, काही आतून साका निघतो. साका बाहेरून दिसत नाही, त्यामुळे गिऱ्हाईक परत आले की फळ बदलून द्यावे लागते. या पेटीतले सहा आंबे असे गेले. काकू म्हणाल्या, "साठातले सहा, म्हणजे दहा टक्के गेले. विसातले दहा उरले."

उरले मात्र आठच. चोपन्न आंबे, प्रत्येकी ५० रुपये, विक्री २७००. नफा २०० रुपये आणि २५०० वर तो ८ टक्के.

ही तफावत येते कुठून? वाया गेलेल्या सहा आंब्यांमुळे विक्री ३०० रुपयांनी घटली. ते ३०० रुपये ३००० च्या विक्रीचे दहा टक्के आहेत, पण २५०० च्या खरेदीचे बारा टक्के. वीस टक्के खरेदीचे होते, दहा टक्के विक्रीचे. टक्का सारखा दिसला तरी दोघांचा पाया वेगळा, आणि पाया वेगळा असताना सरळ वजाबाकी चालत नाही. शाळेत हे उदाहरण आंब्यांवरच शिकवायला हवे होते, असे मला मनापासून वाटते.

मग किती आंबे गेले तर मुद्दल तेवढे सुटेल? वीस टक्के नफा म्हणून साठातले बारा, असे उत्तर पटकन तोंडावर येते. पण बारा गेले तर अठ्ठेचाळीस आंब्यांचे २४०० रुपयेच हातात येतात. तोटा १०० रुपये, म्हणजे खरेदीच्या ४ टक्के. दहा गेले तर पन्नास आंब्यांचे बरोबर २५०० होतात. खरी मर्यादा दहाची, म्हणजे पेटीचा सहावा हिस्सा. तोच ५०० रुपयांचा नफा ३००० च्या विक्रीशी ताडून पाहा, तोही सहावा हिस्साच भरतो. नासाडी किती सोसेल हे विक्रीवरचा हिस्सा सांगतो, गुंतवलेल्या पैशाने किती कमावले हे खरेदीवरचा.

पुढच्या पेटीला काकूंनी दहा टक्के नासाडी गृहीत धरून भावही दहा टक्के वाढवला, डझनाला ६६०. तरी चोपन्न आंब्यांचे २९७० रुपयेच होतात, नफा १८.८ टक्के. पूर्ण वीस टक्के हवे असतील तर ३००० रुपये चोपन्न आंब्यांतच वसूल झाले पाहिजेत, आणि त्यासाठी डझनाचा भाव सुमारे ६६७ रुपये पडतो.