छतावरचे सोलर आमच्या नावावर: भाडे कसे ठरते आणि फायदा कुणाला किती

बडोद्यातील शिक्षणसंस्था, वसतिगृहे आणि धर्मादाय न्यासांच्या विश्वस्तांसाठी माहितीपत्रक

आमची पेढी छतावरचे सोलर संच भाडेपट्ट्याने देते. संच विकत आम्ही घेतो, बसतो तो तुमच्या छतावर, आणि तुम्ही दरवर्षी ठरलेले भाडे देता. विश्वस्तांच्या बैठकीत एक प्रश्न हमखास येतो: "आम्हाला बँकेच्या हप्त्यापेक्षा स्वस्त पडते असे म्हणता, आणि वर तुम्हालाही सुटते. मग हे पैसे येतात कुठून?" प्रश्न अगदी रास्त आहे. करार दहा वर्षांचा असतो, तेव्हा भाड्याने देणाऱ्याचे गणित भाड्याने घेणाऱ्यालाही ठाऊक असले पाहिजे, असे आम्ही मानतो. म्हणून आमच्या बाजूचा हिशेब इथे उघड मांडत आहोत.

पैसे येतात ते तुमच्या आणि आमच्या करदरातील फरकातून. आमची भागीदारी पेढी आहे, त्यामुळे नफ्यावर 30 टक्के प्राप्तिकर आणि त्यावर 4 टक्के उपकर, म्हणजे 31.2 टक्के कर लागतो. तुमच्या नोंदणीकृत न्यासाला, उत्पन्नाचा किमान 85 टक्के भाग उद्दिष्टांवर खर्च करण्यासारख्या अटी पाळल्या, तर कर लागत नाही. सोलर संचावर प्राप्तिकर कायदा दरवर्षी उरलेल्या किमतीच्या 40 टक्के घसारा देतो. हा घसारा तुमच्या हातात निरुपयोगी आहे, कारण वाचवायला करच नाही. आमच्या हातात मात्र पहिल्या वर्षी प्रत्येक 100 रुपयांच्या घसाऱ्यामागे 31 रुपये 20 पैसे वाचतात.

एक उदाहरण, आकड्यांसह

समजा, रावपुऱ्यातील एका शाळेला 50 किलोवॅटचा संच हवा आहे आणि त्याची किंमत जीएसटी सोडून 20,00,000 रुपये आहे. बँक दोघांनाही 10 टक्के व्याजाने कर्ज देते. दहा वर्षांनी जुन्या संचाचे बाजारात 4,00,000 रुपये येतील, असे धरू. हिशेब सोपा राहावा म्हणून भाडे, हप्ते आणि कर हे सगळे वर्षअखेरीस चुकते होतात, असेही मानू.

आधी शाळेची बाजू. शाळेने स्वतः कर्ज काढले, तर दहा वर्षे दरवर्षी सुमारे 3,25,500 रुपये हप्ता बसेल. पण शेवटी 4 लाखांची वस्तू हातात राहते. तिची आजची किंमत वजा करून हिशेब केला, तर संच बाळगण्याचा खरा खर्च वर्षाला सुमारे 3,00,400 रुपये येतो. भाडे यापेक्षा जास्त असेल, तर शाळेने सरळ बँकेत जावे. आम्हीही तोच सल्ला देऊ.

आता आमची बाजू. आम्हीही 20 लाखांचे कर्ज काढतो. भाडे येईल ते आणि कर वाचेल तो, सगळे त्या कर्जखात्यात भरतो. करपात्र नफा झाला, तर कर त्याच खात्यातून जातो. संच 4 लाखांना विकून आणि त्या विक्रीवरचा कर भरून दहाव्या वर्षी खाते बरोबर शून्यावर यायला वर्षाला सुमारे 2,72,850 रुपये भाडे लागते. यापेक्षा कमी भाड्यात आमचे नुकसान आहे.

म्हणजे आमची खालची मर्यादा 2,72,850 आणि तुमची वरची 3,00,400. मधले वर्षाला साडेसत्तावीस हजार रुपये हा त्या करफरकाचा फायदा. हे कुणी कुणाच्या खिशातून काढलेले नाहीत, म्हणूनच दोघांना वाटून घेता येतात.

भाडे 2,85,000 ठरले, असे धरा. पहिल्या वर्षी आमच्या वहीत भाडे 2,85,000 जमा होते. त्यातून घसारा 8,00,000 आणि व्याज 2,00,000 वजा होते. कागदावर 7,15,000 रुपयांचा तोटा दिसतो. तो आम्ही पेढीच्या इतर व्यवसायातील नफ्यातून वजा करतो आणि 2,23,080 रुपये कर वाचतो. भाडे आणि हा कर, दोन्ही कर्जात भरल्यावर 20 लाखांचे कर्ज एका वर्षात 16,91,920 वर येते. दुसऱ्या वर्षी घसारा 4,80,000 असतो आणि 1,13,628 रुपये कर वाचतो. तिसऱ्या वर्षी 46,565 वाचतात, चौथ्या वर्षी जेमतेम 4,841.

पाचव्या वर्षापासून पारडे फिरते. घसारा 1,03,680 वर उतरलेला असतो, व्याजही आटलेले असते, आणि त्या वर्षी आम्हाला 21,783 रुपये कर भरावा लागतो. तो दरवर्षी वाढत जाऊन दहाव्या वर्षी 75,816 होतो. संच विकल्यावर आणखी सुमारे 1,21,000 भरावे लागतात. पहिल्या चार वर्षांत वाचलेला कर 3,88,114 आणि नंतर भरलेला 4,40,195. शेवटी सरकारकडे वाचलेल्यापेक्षा 52,081 रुपये जास्तच जातात. मग फायदा कुठे झाला? वेळेत. जवळपास चार लाखांचा कर काही वर्षे उशिरा भरायला मिळाला. जणू सरकारने तेवढी रक्कम बिनव्याजी उसनी दिली, आणि तिच्यामुळे बँकेचे 10 टक्के व्याज वाचले.

दहाव्या वर्षअखेर कर्ज, कर सगळे फिटून आमच्याकडे 1,14,844 रुपये उरतात. व्याजावरचा कर वाचतो म्हणून आमचा व्याजदर 6.88 टक्के धरला, तर आजच्या किमतीत ते सुमारे 59,000 होतात. शाळेला वर्षाला सुमारे 15,400 रुपये कमी मोजावे लागतात; दहा वर्षांची ती बचत आजच्या किमतीत सुमारे 94,600 आहे. आम्ही मोठा वाटा तुमच्याकडे ठेवतो, कारण तुमच्याकडे बँकेचा पर्याय उघडा असतो. भाडे त्या साडेसत्तावीस हजारांच्या पट्ट्यात कुठेही ठरू शकते आणि त्यावर बोलणी करण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

फायदा कधी आटतो

आम्ही देत असलेल्या 31.2 टक्के दरानेच कर भरणारा ग्राहक आला, तर हा सगळा पट्टा नाहीसा होतो. मकरपुरा जीआयडीसीतील नफ्यात चालणाऱ्या भागीदारी कारखान्याला तोच घसारा स्वतःच मिळतो. त्याची वरची मर्यादाही 2,72,850 वरच येते. वाटून घ्यायला काही उरतच नाही. अशा ग्राहकाला कर वाचवण्यासाठी लीज घ्या असे कुणी सांगत असेल, तर त्याने दोन्ही बाजूंचे आकडे कागदावर मागावेत.

भाड्याने देणारी कंपनी 22 टक्क्यांचा सवलतीचा दर निवडलेली असेल, तर अधिभार आणि उपकर धरून तिचा दर 25.168 टक्के होतो. याच उदाहरणात तिची खालची मर्यादा सुमारे 2,78,000 येते, म्हणजे वाटून घेण्याचा पट्टा पाच हजारांनी अरुंद होतो. जास्त कर भरणारा मालक इथे कमी भाड्यात देऊ शकतो, हे ऐकायला उलटे वाटले तरी तसेच आहे.

सर्वांत नाजूक गोष्ट आमच्या स्वतःच्या नफ्याची. पहिल्या वर्षीचा 7,15,000 चा तोटा रिचवायला तेवढा इतर नफा हवा. तो नसेल, तर घसारा पुढच्या वर्षांत ओढला जातो. हक्क बुडत नाही, पण उशीर होतो, आणि फायदा तर सगळा वेळेचाच आहे. म्हणून एका आर्थिक वर्षात आम्ही मोजकेच संच घेतो. तुम्ही दुसऱ्या कुणाकडून लीज घेत असाल, तर त्याला यंदा करपात्र नफा किती आहे, हे जरूर विचारा.

तारीखही महत्त्वाची आहे. संच वर्षात 180 दिवसांपेक्षा कमी वापरात राहिला, तर पहिल्या वर्षी घसारा निम्मा, म्हणजे 20 टक्केच मिळतो. ऑक्टोबरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत संच चालू झाला नाही, तर आमची मर्यादा वर्षाला साडेतीन हजारांनी वर जाते आणि कोटेशन बदलते. पॅनेल नुसती छतावर चढवून भागत नाही. वीज तयार होऊ लागली पाहिजे. ऑगस्टमध्ये आमची धावपळ दिसते, तिचे कारण हेच.

करारात काय असते, आणि का

संच खरोखर आमच्या मालकीचा राहिला, तरच घसारा आमचा. भाडेकरारात वस्तू ग्राहकाकडे असली तरी मालक भाड्याने देणाराच राहतो आणि घसारा त्यालाच मिळतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये आय.सी.डी.एस. प्रकरणात मान्य केले. तिथे तर वाहने ग्राहकांच्याच नावावर नोंदलेली होती. त्या करारांमध्ये मालकीचे खरे हक्क भाड्याने देणाऱ्याकडे होते, हे मात्र विसरू नये. म्हणून "दहा वर्षांनी एक रुपयात संच तुमचा" असे कलम आम्ही लिहून देत नाही. तसे लिहिले, की व्यवहार हप्त्याने विक्रीसारखा दिसतो, घसाऱ्याचा दावा अडचणीत येतो आणि ज्या फरकावर हे भाडे उभे आहे तोच जातो. मुदत संपल्यावर संच तुम्ही त्या वेळच्या बाजारभावाने घेऊ शकता, भाडे पुढे चालू ठेवू शकता किंवा आम्ही काढून नेतो. 4 लाखांऐवजी दोनच लाख आले, तर ती खोट आमची.

संस्थेने आधीच बसवलेला संच आम्हाला विकून परत भाड्याने घ्यावा, अशीही विचारणा होते. अशा व्यवहारात कायदा आमच्या खरेदीच्या किमतीऐवजी विकणाऱ्याकडे करासाठी उरलेली किमतच धरतो. त्यामुळे आम्ही ते घेत नाही.

करारातील एक कलम वाचून बऱ्याच विश्वस्तांच्या भुवया उंचावतात: प्राप्तिकराचा दर किंवा घसाऱ्याचा दर बदलला, तर भाड्याचा फेरहिशेब. आम्ही कर पुढे ढकललेला असतो. पाचव्या वर्षानंतर दर वाढला, तर वाचवलेल्यापेक्षा महाग दराने तो भरावा लागेल. दर कमी झाला, तर हेच कलम तुमचे भाडे उतरवते. ते दोन्ही दिशांना लागू आहे आणि तसे शब्दांत लिहिलेले आहे, तपासून घ्या.

जीएसटी वरच्या आकड्यांत धरलेला नाही. शाळेसारख्या ज्या संस्थांना त्याचे क्रेडिट मिळत नाही, त्यांनी खरेदी आणि भाडे या दोन्हींचे आकडे जीएसटीसह शेजारी मांडावेत. भाड्यावरचा एकूण जीएसटी मोठा दिसतो, पण तो दहा वर्षांत विभागून भरायचा असतो. नुसती बेरीज करून तुलना करू नका.

कोटेशनसाठी न्यासाचे नोंदणी प्रमाणपत्र, प्राप्तिकर नोंदणीचा आदेश, मागील तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब, बारा महिन्यांची वीजबिले आणि छताचा नकाशा आणावा. तुमच्या बँकेने देऊ केलेला व्याजदर लेखी आणलात, तर तुमची वरची मर्यादा आपण समोरासमोर काढू. आमच्या मर्यादेचा तक्ता कोटेशनसोबत जोडलेला असतो. तो तुमच्या सीएंना दाखवा.