तान्हा पोळा: परदेशातल्या मुलांसाठीच्या स्वागत-व्हिडिओमागची पार्श्वभूमी

परदेशातल्या मराठी मंडळासाठी पोळ्याचा स्वागत-व्हिडिओ करायचा ठरलं, तेव्हा पहिल्या बैठकीत सगळ्यांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र होतं: झुली पांघरलेल्या बैलजोड्या, ढोल-ताशे, गुलाल. चित्र चुकीचं नाही. पण आठ-दहा वर्षांच्या ज्या मुलाने बैलाला कधी हात लावलेला नाही, त्याला त्या गर्दीत उभं राहायला जागा कुठे? आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या गावांनी ही जागा मुलांना फार पूर्वी करून दिली आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पाडव्याला, तान्हा पोळा भरतो. त्या दिवशी मुलं चाकं लावलेला लाकडी बैल दोरीने ओढत तोरणाखाली आणतात. म्हणून संहितेचा नायक लाकडी बैल ठरला आणि मोठा पोळा त्याच्या आदल्या दिवसाची गोष्ट म्हणून आला.

तान्हा पोळ्याची सुरुवात नागपूरकर भोसल्यांकडे नेली जाते. दुसरे रघुजी राजे भोसले यांनी १८०६ मध्ये मुलांसाठी लाकडी बैलांचा पोळा भरवला, असं नागपुरात सांगितलं जातं. त्यांची कारकीर्द १७८८ ते १८१६ अशी होती, म्हणजे साल त्यांच्या काळात नीट बसतं. शेतीतलं बैलाचं मोल मुलांना लहानपणीच कळावं, हा राजांचा हेतू सांगतात. संहितेत हे एकाच वाक्यात येतं आणि तेही 'असं सांगतात' या शब्दांसह, कारण मुलांना ऐकीव परंपरा आणि लिखित नोंद यातला फरक त्या दोन शब्दांतूनही कळतो.

इथे नकाशाही पाहण्यासारखा आहे. १८०३ च्या डिसेंबरात देवगावचा तह झाला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांच्या हातून गेला. नदीच्या पूर्वेचा नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा हा पट्टा त्यांच्याकडे राहिला. आजही तान्हा पोळ्याचा खरा जोर याच पट्ट्यात दिसतो. पश्चिमेकडे, वऱ्हाडातही तो होतो, पण तिथे मोठ्या पोळ्याचीच शान अधिक. राजाश्रयाची हद्द आणि सणाची हद्द अशी जुळते, यात मला तरी योगायोगापेक्षा जास्त काही दिसतं.

मोठा पोळा मात्र कुठल्या राजाने सुरू केलेला नाही. तो शेतीच्या वेळापत्रकातून आला आहे. विदर्भात जूनच्या मध्यावर पाऊस लागला की तिफणीने पेरणी होते. मग आषाढ-श्रावणात तण काढायला कपाशीच्या तासांतून बैलांचे डवरे फिरतात. या दोन महिन्यांत बैलाच्या खांद्यावरचं जू क्वचितच उतरतं. श्रावण अमावास्येपर्यंत पीक एवढं वाढतं की डवरणी आटोपते आणि पुढच्या कामांना अजून अवकाश असतो. बैलाला सुटी देता येईल असा हाच दिवस. म्हणून पोळ्याची इंग्रजी तारीख दर वर्षी बदलते: २०२३ मध्ये १४ सप्टेंबर, २०२४ मध्ये २ सप्टेंबर, २०२५ मध्ये २२ ऑगस्ट. २०२३ ला श्रावण अधिक होता, म्हणून सण तेवढा लांबला. व्हिडिओत तारीख बोलून टाकली की तो एका वर्षात जुना होतो, तेव्हा संहितेत फक्त 'श्रावणातली अमावास्या' एवढंच आहे. पोळासुराला बाळकृष्णाने मारल्याची कथाही घराघरांत सांगतात. ती आजीच्या तोंडी गोष्ट म्हणून ठेवली आहे, निवेदकाच्या तोंडी इतिहास म्हणून नाही.

सणाची खरी सुरुवात आदल्या संध्याकाळी होते आणि व्हिडिओचं स्वागतही तिथूनच घेतलं. त्या संध्याकाळी बैलाचे खांदे शेकतात. गरम पाण्याने खांदा धुऊन, हळद मिसळलेलं तूप किंवा लोणी पळसाच्या पानाने त्यावर चोळतात. जुवाने तिथे घट्टा पडलेला असतो, कधी कातडं सोललेलं असतं. खांदा चोळता चोळता घरधनी बैलाला जेवणाचं निमंत्रण देतो. हेच निमंत्रण आम्ही जसंच्या तसं मुलांना दिलं:

आबाजी: पोट्टेहो, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.

नात: आबाजी, बैलाले आवतन कायले?

आबाजी: दोन महिने डवरा वढला त्यानं. हात लावून पाह्य, खांद्याले कसा घट्टा पडला.

पहिल्या मसुद्यात हे संवाद पुस्तकी मराठीत होते: 'बालमित्रांनो, आपल्या कृषिप्रधान संस्कृतीत बैलाचे स्थान अनन्यसाधारण आहे.' असं आमच्या गावात कोणी म्हातारा नातवंडांशी बोलत नाही. परदेशातल्या मुलांना बोली समजणार नाही अशी शंका निघाली. पण नात आबाजींना थांबवून विचारते आणि उत्तरात खांद्याचं जवळून घेतलेलं चित्र दिसतं, त्यामुळे अर्थ पोचतो. निवेदन प्रमाण मराठीत आणि माणसांचं बोलणं बोलीत, अशी वाटणी केली. वेगही मोजला. मुलांसाठी मिनिटाला नव्वद-शंभर शब्दांपलीकडे गेलं की चित्र आणि शब्द दोन्ही निसटतात. तीन मिनिटांच्या व्हिडिओला म्हणून सुमारे २८० शब्द, बाकी घुंगरांचा आणि वाजंत्रीचा आवाज.

पोळ्याच्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत. त्याला आंघोळ घालतात, शिंगं रंगवून बेगड लावतात, नवी वेसण, नवा कासरा, गळ्यात घागरमाळ, पाठीवर झूल. दुपारनंतर सगळ्या जोड्या गावाच्या आखरावर आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली रांगेने उभ्या राहतात. मग झडत्या सुरू होतात. एक जण चार-सहा ओळींची यमकं जुळवलेली झडती म्हणतो, त्यात महादेव-पार्वती असतात, कापसाचा भाव असतो, एखाद्या पुढाऱ्याची फिरकीही असते. शेवटी 'एक नमन गौरा पार्वती, हर बोला' म्हटलं की सगळा पोळा 'हर हर महादेव' म्हणून उठतो. मुलांना सामील करून घेण्यासाठी याहून सोपी जागा सापडली नाही. व्हिडिओत 'हर बोला' नंतर आवाज तीन सेकंद थांबतो आणि सभागृहातली मुलं उत्तर देतात.

तोरण तुटायच्या आधी मानाच्या जोडीची पूजा होते. ही जोडी बहुतेक गावांत पाटलाची किंवा जुन्या मालगुजाराच्या घरची. मान कोणाचा यावरून गावांत वाद झालेले आहेत. आणि ज्याच्याकडे शेत नाही, बैल नाही, त्याला पोळ्यात पाहणाऱ्याचीच जागा उरते. वर्षभर बैलांमागे राबणारा सालदार त्या दिवशी नवे कपडे घालतो, मालकाच्या घरी पुरणपोळी जेवतो, पण जोडी मालकाचीच म्हणवली जाते. हे व्हिडिओत सांगायचं नाही असं काहींचं मत होतं. मी आग्रहाने एक वाक्य ठेवायला लावलं, कारण त्याशिवाय तान्हा पोळ्याची मोठी गोष्ट कळतच नाही. लाकडी बैल ओढायला सातबारा लागत नाही. सालदाराचा मुलगा, सुताराची मुलगी, मास्तरांचं पोर आणि पाटलाचा नातू त्या तोरणाखाली एकाच रांगेत उभे राहतात. ज्या घरात लाकडी बैलाला पैसे नसतात, तिथलं मूल काळ्या मातीचा बैल करून आणतं आणि तोही रांगेत चालतो.

वर्धा जिल्ह्यातलं सिंदी रेल्वे हे गाव या सणासाठी दूरवर ओळखलं जातं. तिथे मुलांच्या हातातल्या बैलांबरोबर माणसाहून उंच लाकडी नंदी निघतात, त्यांना घरचा मोठा बैल सजवावा तसं सजवतात आणि ते पाहायला आसपासच्या गावांतून माणसं येतात. घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेले सागवानी नंदी तिथे पाहायला मिळतात. आता आमच्या गावांतही पेरणी-डवरणी बरीचशी ट्रॅक्टरने होते आणि खऱ्या जोड्यांची रांग दर वर्षी आखूड होत चालली आहे. तान्हा पोळ्याची रांग मात्र लांबच होते. आता गावातल्याही कितीतरी मुलांची बैलाशी पहिली ओळख याच लाकडी बैलाने होते. त्या बाबतीत परदेशातलं मूल त्यांच्याहून फार वेगळं राहिलेलं नाही.

चित्रं जमवताना एक चूक हमखास होते आणि ती ओळखता यायला हवी. 'बैल' आणि 'महाराष्ट्र' शोधलं की धावणाऱ्या बैलगाड्यांची दृश्यं हाती लागतात. ती शर्यतींची असतात. विदर्भात शर्यतीला शंकरपट म्हणतात, तो हिवाळ्यात भरतो. त्यावर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली होती. राज्याने नंतर कायदा बदलला आणि २०२३ मध्ये न्यायालयाने तो मान्य केला. पोळ्याशी त्याचा काही संबंध नाही. दृश्यात बैल धावत असेल, खांद्यावर जू असेल, तर ते पोळ्याचं नाही. दुसरी गल्लत नागपूरच्या मारबतीची. काळ्या आणि पिवळ्या मारबतीचे पुतळे तान्हा पोळ्याच्याच दिवशी निघतात, पण ती शहरातली मिरवणूक आहे. गावात त्या सकाळी दारात ठेवलेल्या पळसाच्या फांद्या उचलून 'ईडा पीडा घेऊन जा गे मारबत' असं ओरडत शिवेबाहेर टाकतात. व्हिडिओत फांद्यांचंच दृश्य घेतलं, भव्य पुतळ्यांचं नाही.

शेवटच्या अर्ध्या मिनिटात बोजारा आहे. तोरण तुटल्यावर मुलं आपला बैल घेऊन घरोघरी जातात. दारात आलेल्या बैलाचे पाय धुतात, कुंकू लावतात, आणि मुलाच्या हातावर पैसे किंवा खाऊ ठेवतात, तो बोजारा. मंडळाला आम्ही एवढंच कळवलं की व्हिडिओ संपल्यावर सभागृहातल्या वडीलधाऱ्यांनी आपापल्या जागी सुटे पैसे, हळद-कुंकू आणि तांब्याभर पाणी घेऊन बसावं. पुठ्ठ्याचा बैल आणणाऱ्या मुलांच्या बैलाचे पाय ओल्या बोटाने नुसते पुसावेत, नाहीतर पुठ्ठा भिजून तो दुसऱ्या घरापर्यंत पोचायचा नाही.