बिनतारी कॉलर माइकने वर्गव्याख्यानाचे ध्वनिमुद्रण

शिकवणाऱ्याच्या छातीवर लहान माइक लावून त्याचा आवाज रेडिओलहरींनी खोलीतल्याच ध्वनिमुद्रकापर्यंत नेण्याची आणि तेथे साठवण्याची पद्धत. या माइकला लॅव्हेलिअर किंवा लॅपल माइक म्हणतात, बोलताना बहुतेक जण कॉलर माइक म्हणतात. बिनतारी संचात दोन भाग असतात : अंगावरचा ट्रान्समीटर आणि मुद्रकाला, कॅमेऱ्याला किंवा फोनला जोडलेला रिसीव्हर. काही संचांत ट्रान्समीटरचा डबा कमरेला अडकवतात आणि त्यातून निघालेल्या बारीक तारेच्या टोकाला माइक असतो. अलीकडच्या लहान संचांत माइक आणि ट्रान्समीटर एकाच बोटभर चिमट्यात बसवलेले असतात. पुढे ज्या अडचणींची चर्चा आहे त्या मुख्यतः या दुसऱ्या प्रकारात जाणवतात, कारण शाळा-महाविद्यालयांत वापरले जाणारे असे बरेच संच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात.

माइक छातीवरच का?

अंतर दुप्पट झाले की थेट येणाऱ्या आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबलने उतरते. तोंडापासून २० सेंटिमीटरवरचा माइक आणि ४ मीटरवर टेबलावर ठेवलेला फोन यांत अंतराचा फरक २० पटींचा, म्हणजे पातळीचा फरक सुमारे २६ डेसिबलचा पडतो. पंख्याची घरघर आणि बाकांची खरखर मात्र दोन्हीकडे जवळपास सारखीच पोचते. फोनची पातळी नंतर वाढवली तर हा गोंगाटही तेवढाच वाढतो.

त्याहून मोठा प्रश्न घुमण्याचा आहे. ९ मीटर लांब, ७ मीटर रुंद आणि ३.२ मीटर उंच अशा वर्गाचे घनफळ सुमारे २०० घनमीटर भरते. त्यात आवाज विरायला, म्हणजे ६० डेसिबलने उतरायला, ०.८ सेकंद लागत असतील, तर बोलणाऱ्यापासून जेमतेम १ मीटरवरच थेट आवाज आणि भिंतींवरून परतलेला आवाज समसमान होतात. त्यापलीकडच्या माइकला शिक्षकापेक्षा खोलीच जास्त ऐकू येते, आणि हा घुमारा नंतर सॉफ्टवेअरने पुरता निघत नाही.

माइक हनुवटीपासून वीतभर खाली, छातीच्या मध्यावर लावावा. गळ्याच्या फार जवळ नेला तर हनुवटीच्या आडोशाने वरचे स्वर दबतात आणि आवाज बोदा होतो. बहुतेक कॉलर माइक सर्व दिशांनी सारखेच ऐकतात. त्यामुळे माइकचे तोंड थोडे वाकडे झाले तरी बिघडत नाही, पण त्यावर कापड, साखळी किंवा ओळखपत्राची दोरी घासली की प्रत्येक हालचालीला खरखर उमटते. तार असलेल्या माइकच्या खाली तारेचा एक सैल वळसा घेऊन तो कपड्याला चिकटवला, तर तारेवरचा ओढा माइकपर्यंत पोचत नाही.

फळ्याकडे वळल्यावर आवाज का तुटतो?

वर्गातल्या मुद्रणात सर्वांत जास्त आढळणारा आणि सर्वांत कमी ओळखला जाणारा दोष हा आहे. शिक्षक वर्गाकडे तोंड करून बोलतात तोवर सगळे ठीक असते, लिहायला वळले की शब्द गळू लागतात. पुष्कळदा दोष माइकला दिला जातो आणि नवा संच आणला जातो. तोही तसाच वागतो, कारण मधे येते ते शिक्षकाचे शरीर.

२.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे १२.५ सेंटिमीटर असते. माणसाच्या शरीरात बहुतांश पाणी, आणि या लहरी ते मोठ्या प्रमाणात शोषते. छातीवर चिमटा आणि वर्गाच्या मागे रिसीव्हर अशी मांडणी असेल, तर पाठ फिरवताच धड मधे येते आणि संकेत १५ ते २० डेसिबलने, कधी त्याहूनही जास्त खचतो. २० डेसिबल म्हणजे पोचणारी शक्ती शंभरावा हिस्सा. मोकळ्या मैदानात हाच घसारा भरून काढायला अंतर दहापटीने कमी करावे लागते. खोक्यावर ‘१०० मीटर’ असे छापलेले असते ते समोरासमोर, मधे काही नसताना मोजलेले. शरीर आड आले की त्यातले १० मीटरच उरतात.

तरीही रिकाम्या वर्गात केलेली चाचणी बहुधा यशस्वी होते. शिक्षक फळ्याकडे वळले तरी लहरी फळ्यावरून आणि बाजूच्या भिंतींवरून परतून रिसीव्हरपर्यंत पोचतात. वर्ग भरला की पन्नास शरीरे त्या परतलेल्या लहरी शोषतात आणि पन्नास फोनांचे वायफाय व ब्लूटूथ त्याच पट्ट्यात बोलू लागतात. संकेत खाली जातो, गोंगाट वर येतो. म्हणून रिकाम्या खोलीतल्या चाचणीवर विसंबू नये. भरलेल्या वर्गात पहिली दोन मिनिटे मुद्रित करून लगेच ऐकणे हीच खरी चाचणी.

परतलेल्या लहरींचा एक तोटाही आहे. थेट लहर आणि परतलेली लहर एकमेकींना छेदून काही जागी जवळजवळ शून्य होतात. अशा मृत जागा अर्ध्या लहरलांबीच्या, म्हणजे ६ सेंटिमीटरच्या आसपासच्या अंतराने येऊ शकतात. त्यामुळे रिसीव्हर नुसता वीतभर सरकवला तरी कधी कधी आवाज सुधारतो. दोन अँटेना असलेला रिसीव्हर यासाठीच चांगला : एक मृत जागेत सापडली तर दुसरी बहुधा सापडत नाही. शरीराच्या आडोशावर मात्र हा पूर्ण उतारा नव्हे, कारण दोन्ही अँटेना त्याच सावलीत असतात.

एक उदाहरण

वर सांगितलेल्याच ९ मीटर लांब वर्गात कॅमेरा मागच्या भिंतीशी तिवईवर, १.३ मीटर उंचीवर आहे आणि रिसीव्हर त्याच्या डोक्यावर बसवला आहे. बसलेल्या विद्यार्थ्यांची डोकी जवळपास त्याच उंचीला येतात. म्हणजे शिक्षक समोर पाहत असतानाही लहर डोक्यांच्या रांगांतून वाट काढत येते आणि पाठ वळली की तीही खुंटते.

पहिला उपाय रिसीव्हर हलवण्याचा. तो मागे ठेवण्याऐवजी फळ्याच्या एका बाजूला, भिंतीपासून थोडा पुढे आणि २ मीटर उंचीवर ठेवावा. आता शिक्षक वर्गाकडे पाहोत वा फळ्याकडे, रिसीव्हर त्यांच्या कुशीच्या बाजूला राहतो. धड पूर्णपणे आड येत नाही आणि अंतरही ८ मीटरवरून ३ मीटरवर येते. विद्यार्थ्यांची डोकी वाटेतून बाजूला होतात ती वेगळीच. केवळ एवढ्या बदलाने बहुतेक वर्गांत तुटणे थांबते.

रिसीव्हर पुढे गेला की तो कॅमेऱ्याशी कसा जोडायचा हा प्रश्न उरतो. ३.५ मिलिमीटर पिनेची साधी तार ८ मीटर ओढली तर ती विजेच्या तारांची गुणगुण उचलते. एवढ्या अंतराला संतुलित, एक्सएलआर जोडणीची तार हवी. त्याहून सोपे म्हणजे रिसीव्हरशेजारीच लहान मुद्रक ठेवणे, सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवणे आणि नंतर चित्र व आवाज त्या टाळीवर जुळवणे. दोन यंत्रांची घड्याळे किंचित वेगळी चालतात, म्हणून शेवटीही एक टाळी घ्यावी. तासाभरात पडलेला फरक त्यावरून कळतो आणि दुरुस्त करता येतो.

कमरेचा डबा असलेल्या संचात उपाय आणखी सोपा आहे. रिसीव्हर मागेच राहणार असेल आणि शिक्षक बराच वेळ फळ्याकडे वळत असतील, तर डबा समोरच्या खिशात न ठेवता कमरेला बाजूने लावावा. अँटेना मोकळी लोंबू द्यावी. ती गुंडाळून खिशात कोंबली किंवा अंगाला दाबली तर तिचा जोर तिथेच संपतो.

बाहेरचा व्यत्यय

२.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ एवढाच आहे. वायफायची एक वाहिनी त्यातले सुमारे २० मेगाहर्ट्झ अडवते आणि १, ६ व ११ या तीन वाहिन्या चालू असल्या की जवळपास सगळा पट्टा भरतो. माइकचे संच रिकामी फट शोधत उड्या मारतात, पण फट उरली पाहिजे. इमारतीचे वायफाय ज्यांच्या हाती आहे त्यांनी उपकरणे ५ गिगाहर्ट्झवर वळवली तर मोठा फरक पडतो. तसे शक्य नसेल तर निदान रिसीव्हर राउटरपासून काही मीटर दूर ठेवावा.

लॅपटॉपला रिसीव्हर जोडणाऱ्यांना एक गोष्ट ठाऊक असावी. यूएसबी ३.० ची जोडणी, विशेषतः बाहेरची हार्ड डिस्क, याच पट्ट्यात रेडिओगोंगाट सोडते. इंटेल कंपनीने २०१२ साली हे मोजून दाखवले होते. रिसीव्हर डिस्कच्या शेजारच्या खाचेत असेल तर संच निष्कारण अडखळतो. मीटरभराच्या जोडतारेने तो दूर नेला की हा त्रास जातो.

यूएचएफ पट्ट्यातले, म्हणजे काहीशे मेगाहर्ट्झवर चालणारे संच वायफायच्या गर्दीतून सुटतात आणि शरीराचा आडोसाही त्यांना कमी जाणवतो. पण तेथे दूरचित्रवाणीची प्रक्षेपणे असतात आणि परवानगी असलेल्या वारंवारता देशागणिक वेगळ्या असतात. शेजारशेजारच्या वर्गांत असे अनेक संच चालणार असतील तर समान अंतराच्या वारंवारता टाळाव्यात. ६००.० आणि ६००.४ मेगाहर्ट्झचे दोन ट्रान्समीटर जवळ आले की त्यांच्या मिश्रणातून ६००.८ वर तिसरा खोटा संकेत तयार होतो, आणि तिसरा संच नेमका तिथेच असेल तर त्याचा आवाज बिघडतो.

दोष कोणता हे कसे ओळखावे

मुद्रित आवाजाची आकृती पडद्यावर मोठी करून पाहावी. डिजिटल संचात रेडिओसंपर्क तुटला की त्या जागी पूर्ण सपाट रेघ दिसते. पंख्याचा आवाजसुद्धा नसतो, कारण संच स्वतःच आवाज बंद करतो. ॲनालॉग संचात त्याऐवजी फस्सकन खरखर येते. सपाट जागा फळ्याकडे वळण्याच्या क्षणांशी जुळत असतील तर कारण शरीर. कुठेही उभे राहून येत असतील आणि वर्ग भरल्यावरच येत असतील तर पट्ट्यातली गर्दी. तासाच्या शेवटी वाढत गेल्या असतील तर बॅटरी तपासावी. रेघ सपाट नसून मान वळवताना कडकड होत असेल तर तो रेडिओचा दोष नव्हे, तार किंवा पिन सैल आहे. सगळ्या मुद्रणाला घुमारा असेल, तर फोनने बाहेरचा माइक ओळखलाच नाही आणि स्वतःच्या माइकने मुद्रण केले, असा संशय घ्यावा. तीन कड्यांची पिन चार कड्यांच्या खाचेत घातली की असे होते. सुरू करण्यापूर्वी माइकवर नखाने हलके खरवडावे. ती खरवड मुद्रणात मोठ्याने आली नाही तर जोडणी चुकली आहे.

पातळी अशी ठेवावी की नेहमीच्या बोलण्याचे उंच ठोके उणे १२ डेसिबलच्या आसपास राहतील. वर्गाला गप्प करताना चढणाऱ्या आवाजाला तेवढी जागा लागते. कॅमेऱ्यातली पातळी आपोआप ठरवण्याची सोय बंद करावी, नाहीतर प्रत्येक विरामात पंखा वर येतो.

काही संचांत ट्रान्समीटर स्वतःमध्येही आवाज साठवतो. ही सोय असलेला संच मिळत असेल तर तोच घ्यावा. रेडिओ तुटला तरी अंगावरची प्रत अखंड राहते आणि गळलेले वाक्य तिच्यातून उचलून बसवता येते. मुद्रण जागच्या जागी ऐकायचे नसेल, तर कॉलर माइक थेट खिशातल्या लहान मुद्रकाला तारेने जोडणे त्याहूनही बिनघोर असते, कारण त्यात रेडिओच नाही. विद्यार्थ्यांचे प्रश्न मात्र या दोन्ही मार्गांनी दुरूनच येतात. त्यासाठी वर्गात फिरवायचा दुसरा माइक हवा, किंवा शिक्षकांनी उत्तराआधी प्रश्न मोठ्याने पुन्हा म्हणावा.