बोर्डावरचा दर आणि जेवणाला पडणारा दर

सोलापुरात घरून डबा सुरू करायचं ठरलं की बहुतेकजण आधी आसपासच्या तीन-चार मेसचे दर विचारून येतात. मग त्यातून शंभर-दोनशे कमी करून आपला दर लावतात. चूक इथेच होते, कारण विचारून आणलेला दर बोर्डावरचा असतो. गिऱ्हाईक मनात दुसराच हिशोब करत असतं: आपण जेवढी जेवणं खरोखर जेवलो, त्यातल्या एकेका जेवणाला किती पडलं? या दोन दरांची गल्लत झाली की स्पर्धक स्वस्त आहे की महाग, हेच उलटं दिसायला लागतं.

दोन मेस घेऊ. आकडे उदाहरणापुरते आहेत, तुम्ही आपल्या भागातले घाला. पहिली मेस अशोक चौकाजवळ, इंजिनिअरिंगच्या पोरांची. दोन वेळचं जेवण, महिना 2600, खाडा नाही, म्हणजे न जेवलेल्या जेवणांचे पैसे कापून मिळत नाहीत. दुसरीचे महिना 3000, खाडा मिळतो. बोर्ड पाहणारा म्हणेल, पहिली 400 रुपयांनी स्वस्त आणि दुसरी सोयीची.

आता जेवणं मोजू. तीस दिवसांची साठ जेवणं. रविवारी रात्री दोन्ही मेस बंद, म्हणून उरली 56. मोहोळ, बार्शी, पंढरपूर, अक्कलकोटची पोरं शनिवारी दुपारी जेवून गावाकडे निघतात आणि सोमवारी दुपारपर्यंत परततात. म्हणजे आठवड्याला शनिवारची रात्र आणि रविवारची दुपार अशी दोन जेवणं बुडतात, महिन्याला आठ. आणखी दोन रात्री बाहेर खाल्लं असं धरा. पोटात गेली 46 जेवणं. पहिल्या मेसला 2600 भागिले 46, म्हणजे जेवणाला साधारण 57 रुपये पडले. दुसऱ्या मेसचा खाडा सलग तीन दिवसांच्या पुढे लागतो, आदल्या दिवशी सांगितलं तरच. शनिवार-रविवारची दोन जेवणं त्यात बसत नाहीत, म्हणजे या पोराला खाडा असून नसल्यासारखाच. त्याला तिथे जेवण 65 रुपयांना पडतं.

नव्याने डबा सुरू करणारे नेमके इथे फसतात. पहिल्या मेसचे 2600 भागिले 56 केले की 46 रुपये येतात. मग ते म्हणतात, ‘आम्ही 46 रुपयांनीच देऊ, वर खाडाही देऊ, जेवढं खाल तेवढ्याचेच पैसे.’ ऐकायला छान वाटतं. पण 46 जेवणांचे 46 रुपयांनी 2116 रुपये होतात. तेवढीच जेवणं शिजवून मेसवाल्याला 2600 मिळतात. माणशी 484 रुपयांचा फरक. वीस डबे धरले तर महिन्याला 9,680 रुपये, आणि घरच्या डब्यात एवढी मोकळी रक्कम सहसा नसते. त्या मेसचा कमी दर न खाल्लेल्या जेवणांवर उभा आहे. खाडा न देणं हा तिचा अडेलपणा नाही, तिचा धंदाच त्यावर चालतो. तिचा दर उचलायचा तर तिचा नियमही उचलावा लागेल. नियम सोडायचा असेल तर दर 57 च्या खाली आणता येणार नाही.

म्हणून फोनवर ‘महिन्याचे किती?’ एवढंच विचारून फोन ठेवू नका, त्याचं उत्तर बोर्डावर असतंच. विचारायचं ते असं: ‘शनिवार-रविवार गावाकडं जातो, त्याचं कसं?’ ‘आज रात्री नको असेल तर किती वाजेपर्यंत सांगायचं?’ ‘मध्येच सोडलं तर उरलेले पैसे?’ ‘डबा खोलीवर पोचवायचे वेगळे घेता का?’ उत्तरं गोड असतात, तेव्हा तिथल्या चार-पाच गिऱ्हाइकांनाही विचारा. त्यांचं हजेरीकार्ड बघायला मिळालं तर सर्वात उत्तम, त्यावर मागच्या महिन्याच्या खुणा मोजता येतात. आणि हे साध्या महिन्यात करा. दिवाळीच्या सुट्टीत, परीक्षा संपल्यावर किंवा गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत मिळालेली माहिती नेहमीच्या महिन्याला लागू पडत नाही.

तोच डबा वजन करून पाहिला नाही तर हिशोब अर्धाच राहतो. स्वतः जाऊन घेतलेला पहिला डबा धरू नका, नव्या गिऱ्हाइकाला वाढून देतातच. नेहमीच्या कुणाचा तरी मधल्या आठवड्यातला डबा घ्या, दोन वेगवेगळ्या दिवशीचा, आणि स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवा. चार चपात्या 26 ग्रॅमच्या असतील तर भरल्या 104 ग्रॅम. दुसरीकडे तीनच आहेत, पण 40 ग्रॅमच्या, म्हणजे 120. ‘आमच्याकडं चार चपात्या’ या वाक्याला इथे काही अर्थ उरत नाही. रस्साभाजी गाळणीत ओतून दोन मिनिटं ठेवा आणि वर उरलेल्या फोडी तोला. भाकरी देत असतील तर ती किती चपात्यांच्या बदली देतात आणि डबा पोचेपर्यंत ती मऊ राहते का, हेही लिहून ठेवा. ज्वारीच्या या मुलखात भाकरीवरून मेस बदलणारे कमी नाहीत.

आता कमतरता कुठे शोधायची? ‘कुणीच खाडा देत नाही’ ही खरी मोकळी जागा वाटते, पण गावाकडे जाणाऱ्या पोराला तुमचे 57 आणि मेसचे 57 सारखेच. तो कशाला हलेल? तीच पहिली मेस दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या डोळ्यांनी पाहा. सिव्हिलमध्ये पाळ्या करणारी नर्स किंवा निवासी डॉक्टर 56 पैकी 32 जेवणंच जेवू शकले, तर 2600 भागिले 32, म्हणजे जेवण 81 रुपयांना पडलं. बोर्डावरचा आणि पडणारा दर सगळ्यात दूर गेला आहे तो इथे. या माणसाला तुम्ही 65 ने दिलं तर त्याचे महिन्याला 2080 होतात, 520 वाचतात. तुम्हालाही शिजवलेल्या डब्यामागे 57 नव्हे, 65 मिळतात.

एवढ्यावरून लगेच भांडी आणायला निघू नका. त्या भागात असा डबा आधी कुणी चालवून बंद केलाय का, हे पिठाच्या गिरणीत आणि किराणा दुकानात विचारा. बंद पडण्याचं कारण बहुधा एकच निघतं: पाळी ऐनवेळी बदलते, ‘आज नको’ हा निरोप भाजी फोडणीला पडल्यावर येतो, आणि पैसे कुणाचे यावरून वाद होतो. दुपारसाठी सकाळी 9 आणि रात्रीसाठी दुपारी 4, ही वेळ पाळीवाल्यांना जमते का, हे दहा जणांना विचारून ठरवा. सहा-सात जण नाही म्हणाले तर 65 चा दरही पुरणार नाही, कारण वाया जाणारे डबे तुमच्याच अंगावर येतील.

जमत असेल तर बोर्डावर महिन्याचा आकडा लिहूच नका. तो लिहिला की 2600 च्या शेजारी जाऊन बसतो आणि जेवणं न मोजताच तुलना होते. ‘20 कुपनं 1300 रुपये, मुदत 40 दिवस, निरोप 9 आणि 4 वाजेपर्यंत’ एवढंच लिहा.