फिंगर जॉइंटमधील डॉगबोन कोपरा

फिंगर जॉइंटमध्ये दोन प्लायच्या कडांना दात आणि खाचा पाडून त्या काटकोनात एकमेकींत बसवतात. पटाशीने केलेल्या खाचेचा कोपरा चौकोनी निघतो. संगणकाच्या आज्ञेवर चालणाऱ्या सीएनसी राउटरचा बिट, म्हणजे कापणारे पाते, गोल फिरतो, म्हणून खाचेच्या आतल्या कोपऱ्यात त्याच्या त्रिज्येइतकी गोलाई उरते, आणि समोरचा दात मात्र चौकोनीच असतो. 6 मिमी बिट आणि दाताच्या दोन्ही बाजूंना 0.1 मिमी मोकळीक धरली, तर दात तळाच्या सुमारे सव्वादोन मिमी वरच अडकतो. हातोडीने ठोकून बसवायला गेले की कडेचा पापुद्रा निघतो. त्यामुळे कोपऱ्यात बिटच्या मापाची गोल जागा कापून ठेवतात. दोन्ही कोपरे असे कापले की खाचेचा आकार कुत्र्याने चघळायच्या हाडासारखा दिसतो. डॉगबोन हे नाव त्यावरूनच पडले.

रेखाटनाआधी प्लाय व्हर्निअरने चार-पाच ठिकाणी मोजावा. 18 मिमी म्हणून घेतलेली शीट 17.4 भरू शकते, आणि ठाण्याच्या पावसाळ्यात उघड्यावर टेकवून ठेवलेली शीट फुगते. खाचेची खोली या मोजलेल्या जाडीइतकी ठेवायची.

समजा, खोक्याची कड 300 मिमी आहे आणि तिचे 60 मिमीचे पाच भाग केले. एका फळीला तीन दात, दुसरीला दोन. प्रत्येक फळीवर खाचांची प्रत्येक भिंत 0.05 मिमी मागे सरकवली की मधली खाच 60.1 आणि तिच्यात बसणारा दात 59.9 होतो, म्हणजे एकूण 0.2 मिमी मोकळीक. इथली नेहमीची चूक म्हणजे दोन्ही फळ्यांवर भिंती 0.1 ने सरकवणे. मग मोकळीक दुप्पट होते आणि सांधा डुगडुगतो. रेखाटनात ही मापे सूत्रे म्हणून अशी लिहायची, त्यात `R` ही कोपऱ्यातल्या गोल जागेच्या वर्तुळाची त्रिज्या:

```
thk = 17.4 mm
bit = 6 mm
wall = 0.05 mm
R = bit/2 + 0.1 mm
off = R / sqrt(2)
```

वर्तुळाचे केंद्र कोपऱ्याच्या दोन्ही भिंतींपासून `off`, म्हणजे 2.19 मिमी, खाचेच्या आत धरले की वर्तुळ नेमके कोपऱ्याच्या टोकातून जाते आणि भिंतीत 0.9 मिमीच घुसते. त्रिज्या बरोबर 3 मिमी ठेवली, तर बिटचा मार्ग आखणारी काही कॅम सॉफ्टवेअर ‘बिट मावत नाही’ असे समजून तो कोपरा गाळतात, जास्तीचा 0.1 मिमी त्यासाठीच. फक्त आतल्या कोपऱ्यांनाच हे करायचे. वरच्या उदाहरणात दोन्ही फळ्या मिळून असे आठ कोपरे येतात, कारण टोकाच्या उघड्या खाचेला एकच कोपरा असतो. वर्तुळ खाचेत विलीन करून एकच बंद रेषा ठेवावी. ते सुटे राहिले, तर मशीन त्याला वेगळे भोक समजते.

वागळे इस्टेट किंवा तुर्भ्याच्या वर्कशॉपला रेखाटनाची डीएक्सएफ फाइल दिली की ही सूत्रे तिच्याबरोबर जात नाहीत, जातात त्या फक्त रेषा. तिथे 8 मिमीचा बिट लावलेला असेल, तर तो या वर्तुळात शिरतच नाही आणि कोपरे गोल राहतात. म्हणून बिटचे माप आधी विचारून घ्यावे, मग रेखाटन करावे. सिम्युलेशनमध्ये कोपरा जवळून पाहिला तरी हा घोटाळा दिसतो. पण मोकळीक तिथे कळत नाही. ती तपासायला त्याच शीटच्या तुकड्यावर एक दात आणि एक खाच कापून बसवून पाहावी लागते.