कॅप्शनमधला गावाचा आणि कामाचा शब्द: इन्स्टाग्रामवरच्या शोधाची पार्श्वभूमी

डोंबिवलीत घरी जाऊन नवरीची मेंदी काढणाऱ्या एखाद्या ताईंचं पेज उघडून पाहावं. काम सुरेख असतं, पण फोटोखाली "आजची सुंदर नवरी" एवढंच लिहिलेलं असतं आणि पहिल्या कमेंटमध्ये हॅशटॅगची रांग असते. या पद्धतीला निष्काळजीपणा म्हणता येणार नाही. एके काळी असं लिहिणंच बरोबर होतं. काळ बदलला, सवय मात्र तशीच राहिली.

इन्स्टाग्राम ऑक्टोबर 2010 मध्ये सुरू झालं आणि जानेवारी 2011 मध्ये त्यात हॅशटॅग आले. त्यानंतर जवळजवळ दहा वर्षं तिथल्या शोधाला खातेदाराचं नाव, हॅशटॅग आणि ठिकाण एवढंच कळत होतं. कॅप्शनमध्ये "डोंबिवलीत घरी येऊन मेंदी काढून मिळेल" असं स्वच्छ लिहिलं, तरी त्या शब्दांवरून ती पोस्ट कुणाला सापडत नसे. त्यामुळे सगळा भर हॅशटॅगवर. एका पोस्टला 30 चालत, म्हणून लोक 30 टाकत. ती गर्दी कॅप्शनखाली बरी दिसत नाही, म्हणून ती पहिल्या कमेंटमध्ये हलवायची रीत पडली. कॅप्शन उरलं ते भावनेपुरतं.

नोव्हेंबर 2020 मध्ये हे बदलू लागलं. अमेरिका, ब्रिटन, आयर्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या सहा देशांत साध्या शब्दांनी पोस्ट शोधता येऊ लागल्या, तेही फक्त इंग्रजीत. कोणती पोस्ट दाखवायची हे ठरवताना ज्या गोष्टी पाहिल्या जात, त्यांत कॅप्शनही होतं. ऑगस्ट 2021 मध्ये इन्स्टाग्रामने शोध कसा चालतो हे स्वतःच लिहून सांगितलं. आपण टाइप केलेला शब्द खात्याचं नाव, बायो, कॅप्शन, हॅशटॅग आणि ठिकाणं यांच्याशी जुळवला जातो. शिवाय शोधणाऱ्याच्या आधीच्या सवयी आणि त्या पोस्टला मिळालेला प्रतिसादही मोजला जातो. त्याच लेखात एक स्पष्ट सूचना होती: पोस्ट शोधात यावी असं वाटत असेल तर शब्द आणि हॅशटॅग कॅप्शनमध्ये लिहा, कमेंटमध्ये नको. माझ्या मते सेवा देणाऱ्यांसाठी या सगळ्या इतिहासातलं सर्वांत मोलाचं वाक्य हेच आहे, आणि ते अजून कितीतरी जणांपर्यंत पोहोचलेलं नाही.

त्याच वर्षी तीन ते पाच नेमके हॅशटॅग पुरेत, असा सल्लाही इन्स्टाग्रामने दिला. पुढे डिसेंबर 2024 मध्ये हॅशटॅग फॉलो करण्याची सोयच बंद झाली. जुलै 2025 पासून प्रौढांच्या प्रोफेशनल खात्यांवरच्या सार्वजनिक पोस्ट गूगलच्या शोधातही येऊ शकतात. म्हणजे तेच कॅप्शन आता इन्स्टाच्या बाहेरही वाचलं जातं.

आता त्या मेंदीच्या पोस्टकडे परत येऊ. आपल्याकडे खरी अडचण स्पेलिंगची आहे. शोधणारी मुलगी `mehndi` लिहील, `mehendi` लिहील किंवा देवनागरीत मेंदी, मेहंदी लिहील. गावाचंही `Dombivli` आणि `Dombivali` असं दुहेरी आहे. सगळी रूपं एकाच कॅप्शनमध्ये ओळीने कोंबली तर ते वाचवत नाही आणि गिऱ्हाईक पुढे सरकतं. त्यापेक्षा पहिल्या ओळीत एक पूर्ण वाक्य लिहावं:

"डोंबिवली पूर्वेला नवरीची मेंदी, घरी येऊन. Bridal mehndi artist in Dombivli."

पुढच्या दोन-तीन ओळींत या कामाचा तपशील द्यावा: कोपरापर्यंतची मेंदी, किती तास लागले, सोबत पाहुण्यांचीही काढली का, तारीख किती आधी ठरवावी लागते. गिऱ्हाईक फोनवर हेच विचारतं, त्यामुळे शोधण्याचे शब्द ओघाने येतात. दुसरं स्पेलिंग पुढच्या पोस्टला वापरावं. सगळ्यांत नेहमीचं रूप मात्र प्रोफाइलच्या नावाच्या रकान्यात हवं, कारण तोही शोधात जुळवला जातो. तिथे नुसतं "क्रिएशन्स" असेल तर कामही कळत नाही आणि गावही. हे नाव 14 दिवसांत दोनदाच बदलता येतं, म्हणून आधी नीट ठरवून घ्यावं.

फरक पडला का, हे स्वतःच्या फोनवर तपासू नये. निकाल प्रत्येकाच्या सवयींप्रमाणे बदलतात, त्यामुळे आपलं पेज आपल्याला वर दिसणारच. आपल्याला फॉलो न करणाऱ्या, त्याच भागातल्या दोन-तीन जणींना शोधायला सांगावं. खातं प्रायव्हेट असेल तर मात्र अनोळखी माणसाला त्यातली एकही पोस्ट दिसत नाही. पोस्टवर ठिकाणाचा टॅग लावायचा राहिला असेल तर तोही लावावा. जुलै 2022 मध्ये इन्स्टाच्या नकाशावर आसपासची ठिकाणं आणि तिथे टॅग केलेल्या पोस्ट पाहायची सोय आली, आणि पोस्ट नकाशाशी जोडली जाते ती या टॅगमुळे.