०.९९९… = १ : उत्तर बरोबर, पण बीजगणित कशाच्या आधारावर?

आवर्ती दशांश p/q रूपात लिहिण्याची शाळेतली रीत ०.९९९… ला लावून पाहा. x = ०.९९९… धरलं की १०x = ९.९९९…; वजाबाकी केली की ९x = ९, म्हणजे x = १. उत्तर अगदी बरोबर आहे. तरीही ही सिद्धता ऐकून ज्यांचं समाधान होत नाही, त्यांच्या शंकेत तथ्य आहे.

गणितज्ञ लिओनार्ड ऑयलरने १७७० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या बीजगणिताच्या पुस्तकात याच युक्तीने ९.९९९… = १० असं दाखवलं. पण हाच ऑयलर १ + २ + ४ + ८ + … ही बेरीज −१ मानत असे. बेरजेला s म्हटलं तर s = १ + २s, म्हणून s = −१. दोन्हीकडे बीजगणिताची पायरी तीच, मग एक उत्तर पटणारं आणि दुसरं विचित्र का? कारण त्या अनंत पसाऱ्याला संख्या म्हणता येतं, हे आधीच गृहीत धरलेलं असतं. पहिल्या ठिकाणी ते खरं आहे. दुसऱ्या ठिकाणी बेरीज वाढतच जाते, कुठल्याही वास्तव संख्येजवळ थांबत नाही.

मोजकेच नऊ घेतले तर काय होतं तेही बघावं. x = ०.९९९ असेल तर १०x = ९.९९ आणि वजाबाकी ८.९९१ येते, ९ ला ०.००९ कमी. n नऊ घेतले तर ही तूट ९/१०ⁿ असते. ‘दहाने गुणल्यावर शेवटी एक नऊ कमी होतो’ हा आक्षेप इथे योग्यच आहे. अनंत नवांमध्ये मात्र शेवटचं स्थानच नसतं.

ही तूट नाहीशी होते असं म्हणण्याचा हक्क १८२१ मध्ये फ्रेंच गणितज्ञ कोशीने दिला. अनंत बेरीज म्हणजे आंशिक बेरजांची सीमा, म्हणजे एकेक पद मिळवत गेल्यावर येणाऱ्या बेरजा जिच्या हव्या तितक्या जवळ जाऊन तिथेच राहतात ती संख्या, ही व्याख्या त्याने पक्की केली. ०.९, ०.९९, ०.९९९ यांचं १ पासूनचं अंतर १/१०, १/१००, १/१००० असं घटत जातं. समजा ०.९९९… आणि १ यांच्यात दहालाखांश इतकं अंतर उरतं. सात नऊ घेताच अंतर एक कोट्यंशावर येतं, आणि पुढचे नऊ ते आणखी कमीच करतात. म्हणजे दावा फसला. शून्याहून मोठं कोणतंही अंतर सांगा, ते असंच फसतं. वास्तव संख्या म्हणजे नेमकं काय, हे डेडेकिंड आणि कँटर या गणितज्ञांनी १८७२ मध्ये स्पष्ट केल्यावर या युक्तिवादाखालची जमीन भक्कम झाली. सीमा अस्तित्वात आहे हे ठरलं, की दहाने गुणणं आणि वजा करणं दोन्ही वैध आहेत. सिद्धतेतली उणीव एवढीच, की हा आधीचा टप्पा ती न सांगता वापरते. १/३ = ०.३३३… ला तीनने गुणण्याची सिद्धताही नेमकं हेच करते.

१९६० च्या दशकात गणितज्ञ अब्राहम रॉबिन्सनने अत्यल्प राशींना, म्हणजे शून्याहून मोठ्या पण प्रत्येक धन वास्तव संख्येहून लहान राशींना, काटेकोर रूप दिलं, आणि त्याचा हवाला देऊन ०.९९९… हे १ पेक्षा कमी आहे असं कधीकधी सांगितलं जातं. त्याच्या संख्याव्यवस्थेत १, २, ३… या सगळ्या नेहमीच्या संख्यांहून मोठ्या अशा एखाद्या अनंत क्रमांकापर्यंतच नऊ लिहिले, तर १ पासून अत्यल्प अंतर खरोखरच उरतं. पण ती कुठेतरी थांबणारी संख्या आहे. न थांबता सगळ्या स्थानांवर नऊ असतील, तर त्या व्यवस्थेतही उत्तर १ च येतं.